पाठ टेकली की नाक बंद: शुक्रवार पेठेतल्या एका काकांचं प्रकरण

काकांचं वय ६१. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत जुनं घर, आयुष्यभर उद्यमनगरला लेथवर काम केलं, आता रिटायर. बीपीची गोळी रोज सकाळी एक, शुगर नाही, दमा नाही. त्यांना विचारूनच हे लिहितोय, नाव घालत नाही. माझं मेडिकल स्टोअर आहे आणि पावसाळ्यात रात्री नाक बंद होतं म्हणून येणारी माणसं मी रोज बघतो, पण या एका प्रकरणात उशी, कूस, ड्रॉप्स, ओल असं सगळं एकाच माणसात सापडलं, म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटलं.

जुलैच्या शेवटी ते नाकात टाकायच्या ड्रॉप्सची रिकामी बाटली घेऊन आले, सेम द्या म्हणाले. बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन. किती दिवस टाकताय विचारलं तर म्हणाले पाऊस सुरू झाल्यापासून. म्हणजे जूनच्या मध्यापासून, म्हणजे महिना उलटून गेलेला. सर्दी कधीच गेलेली, ताप नाही, शेंबूड नाही, खोकला नाही. "दिवसा काय न्हाई पोरा, चालता फिरता येतंय. रातच्याला पाठ टेकली की नाकात बोळा कोंबल्यागत हुतंय. मग तोंडानं श्वास, मग घसा वाळतोय, मग उठायचं, ड्रॉप टाकायचं, परत पडायचं. दोन वाजता परत तेच."

या चार वाक्यांत जवळजवळ सगळं निदान होतं. उभं असताना ठीक आणि आडवं झालं की बंद, ही पहिली गोष्ट. ड्रॉप टाकला की उघडतं पण काही तासांनी पुन्हा बंद, ही दुसरी. दोन्हीची कारणं वेगळी आहेत आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली होती.

पहिलं आधी घेऊ. नाक बंद झालं म्हणजे आत काहीतरी साठलंय असं आपल्याला वाटतं आणि आपण जोरजोरात शिंकरत बसतो, काकाही तेच करायचे, आणि बाहेर काहीच येत नव्हतं. कारण साठलेलं काही नव्हतंच. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींना मऊ मांसल पट्ट्या असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात, त्यांच्यात बारीक शिरांचं दाट जाळं असतं. त्या शिरांत रक्त भरलं की पट्टी फुगते आणि वाट अरुंद होते, रक्त उतरलं की वाट मोकळी. उभं किंवा बसलेलं असताना डोकं हृदयाच्या वर असतं, रक्त आपसूक खाली उतरतं. सपाट झोपलं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतं, डोक्याकडच्या शिरांतलं प्रेशर वाढतं आणि या पट्ट्या फुगतात. हे प्रत्येकाच्या नाकात होतं, निरोगी माणसाच्याही, फक्त त्याला जाणवत नाही कारण त्याच्याकडे जागा शिल्लक असते. ज्याचं नाक आधीच सुजलंय त्याची उरलेली जागा तेवढ्यानं संपते. म्हणून शिंकरून उपयोग होत नाही, उलट जोरात शिंकरलं की आतलं अस्तर अजून चिडतं आणि कधीकधी कानात दडे बसतात.

यावर सरळ उपाय म्हणजे डोकं हृदयाच्या वर ठेवून झोपायचं. हे काकांनाही माहीत होतं, कुणीतरी सांगितलेलं, आणि ते तीन उशा घेऊन झोपत होते. तरी फरक नव्हता. का नव्हता ते बघायला मी संध्याकाळी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेलो, तसं घर जवळच आहे.

त्यांना म्हटलं नेहमीसारखं पडून दाखवा. तीन कापसाच्या उशा एकावर एक, त्यावर फक्त डोकं, खांदे मात्र गादीवरच सपाट. हनुवटी छातीला टेकायला आली होती, मान पुढं मोडल्यासारखी. छाती तशीच खाली, डोकं तेवढं पुढं वाकलेलं. यानं डोकं थोडं वर जातं हे खरं, पण घशाची वाट मानेजवळ दुमडते, घोरणं वाढतं, आणि सकाळी मान अवघडते ते वेगळंच. काकू तिथंच होत्या, त्या म्हणाल्या की बारा वाजेपर्यंत ह्या उशांतली एक खाली पडलेली असते, एक पाठीखाली, आणि हे सपाट. म्हणजे मध्यरात्रीनंतर काका सपाटच झोपत होते, आणि नाकाचा त्रास दोन वाजता व्हायचा.

उशी वाढवणं आणि अंग वर घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच बहुतेक लोक फसतात. डोकं नाही, कमरेपासून वरचा सगळा भाग तिरका वर जायला पाहिजे, पाठ खांदे मान डोकं एका सरळ रेषेत. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये मूठभर जागा राहिली पाहिजे, ती राहिली नाही तर समजायचं मान मोडतीये.

मग काही जण पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवतात. काकांचा मुलगा तेच म्हणत होता. आम्ही तिथंच हिशोब केला. पलंग सव्वासहा फूट लांब, म्हणजे साधारण १९० सेंटीमीटर. दोन विटा आडव्या एकावर एक ठेवल्या तर उंची १५ सेंटीमीटर. एवढ्या लांबीवर एवढी उंची म्हणजे चढ फक्त चार-साडेचार अंशांचा. ज्यांना रात्री ॲसिडिटी वर येते त्यांना तेवढ्यानंही फायदा होतो, पण नाकासाठी तो कमी पडू शकतो. शिवाय फरशीवर वीट सरकते, पलंग हलतो, म्हणून करायचंच असेल तर सुताराकडून मधे खळगा असलेले लाकडी ठोकळे करून घ्यावेत, पाय त्या खळग्यात बसतो.

याउलट ६० सेंटीमीटर लांबीचा उतार केला आणि त्याची वरची बाजू २० सेंटीमीटर उंच ठेवली तर कोन साधारण १८ अंश होतो. कमरेपासून डोक्यापर्यंतचं अंतर मावतं आणि माणूस बसल्यासारखाही होत नाही. उंची २५ केली तर कोन २२-२३ वर जातो, सर्दी जोरात असेल त्या रात्री ते बरं वाटतं, पण रोज तेवढ्यावर झोपलं की घसरायला होतं आणि कंबर भरून येते.

असा फोमचा त्रिकोणी तुकडा तयार मिळतो, गादीवाल्याला माप सांगितलं तर तो कापूनही देतो. पण आम्ही आधी घरातल्याच सामानावर करून बघितलं, कारण काकांना ते सोसतंय का हेच माहीत नव्हतं. काकूंनी दोन जुन्या वाकळा काढल्या. पहिली दोनदा घडी करून गादीच्या खाली डोक्याच्या बाजूला, दुसरी त्याहून जास्त घडी करून अजून अरुंद, तिच्यावर पण अगदी भिंतीकडच्या टोकाला. म्हणजे पायरी पायरीनं चढ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं गादीखाली, गादीवर नाही. वर गादी पसरली की पायऱ्या बुजतात आणि एकसंध उतार मिळतो, झोपेत तो निसटत नाही. त्यावर एकच पातळ उशी, खांद्याला स्पर्श होईल इतकी खाली ओढलेली. गुडघ्यांखाली एक लोड, त्यामुळं माणूस खाली घसरत नाही आणि कमरेवर ताण येत नाही. कापसाची गादी वाकते म्हणून हे जमलं. ज्यांची कॉयरची कडक गादी आहे तिच्यात हे जमत नाही, तिथं फोमचा तुकडाच लागतो.

त्या रात्री काकांना लगेच आराम पडला का, तर नाही. पडल्या पडल्या नाक पूर्वीपेक्षा कमी बंद झालं एवढंच, आणि दोन वाजता परत उठावं लागलंच. उतारानं रक्त उतरायला मदत होते, पण पट्ट्या दुसऱ्याच कारणानं सुजलेल्या असतील तर उतार एकटा पुरत नाही. ते दुसरं कारण म्हणजे ती बाटली.

ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन ही दोन औषधं नाकातल्या त्या शिरा आकसून टाकतात. टाकल्यावर काही मिनिटांत वाट मोकळी, आठ-दहा तास, कधी बारा तासांपर्यंत. सर्दीच्या पहिल्या दोन-तीन रात्री झोप लागावी म्हणून हे औषध खरंच चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढं गेलं की शिरांना त्याची सवय लागते, औषध उतरलं की त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, मग अजून लवकर अजून जास्त थेंब लागतात, आणि औषधच नाक बंद करायला लागतं. सर्दी गेली तरी नाक बंदच, कारण आता आजार सर्दीचा राहिलेलाच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: शेंबूड नाही, शिंका नाहीत, नाक खाजत नाही, फक्त बंद, आणि ड्रॉपशिवाय एकही रात्र जात नाही. काकांचा आधी एका ड्रॉपनं रात्रभर निभाव लागायचा, आता रात्रीत दोनदा तीनदा. शिवाय त्यांना बीपी आहे आणि हे औषध शिरा आकसवणारं आहे, म्हणजे बीपीवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. काकू तेवढ्यात एक सर्दीची गोळी पण दाखवत होत्या, तिच्यात फिनाईलेफ्रिन होतं, तीही बीपीला चांगली नाही आणि तोंडावाटे घेतल्यावर नाक मोकळं करायला तिचा उपयोगही फारसा होत नाही. ती बाजूला ठेवायला सांगितली.

इथं मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. महिनाभर एकच औषध टाकलेल्या नाकाच्या आत बघणं गरजेचं होतं, ते दुकानात उभं राहून होत नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघितलं, दोन्ही बाजूच्या पट्ट्या लाल आणि फुगलेल्या, आणि नाकाचा मधला पडदा थोडा डावीकडं झुकलेला. तो बहुतेक जन्मभराचाच असणार, तरुणपणी जाणवला नाही. गाठ नाही, पू नाही. सांगितलं काय, तर ड्रॉप्स बंद करायचे, पण आधी मोमेटासोनचा स्प्रे सुरू करायचा, रोज एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, आणि एका वेळी एकच नाकपुडी ड्रॉपवरून सोडवायची.

हा स्प्रे लगेच काही करत नाही. हा स्टिरॉइडचा असतो, सूज हळूहळू उतरवतो, चांगला परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. लोक दोन दिवस मारतात, काही होत नाही म्हणून टाकून देतात. आणि मारायची पद्धत बरोबर नसेल तरीही काही होत नाही. काकांनी मारून दाखवला तेव्हा डोकं मागं टाकून नळी सरळ वर मधल्या पडद्याकडं, आणि मग जोरात ओढून घेतलं, औषध घशात. पडद्यावर रोज मारलं तर तो कोरडा पडतो, रक्त येतं. डोकं किंचित पुढं वाकवायचं, उजव्या हातानं डावी नाकपुडी आणि डाव्या हातानं उजवी, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं जाते. हलकाच श्वास घ्यायचा, ओढायचं नाही. घशात चव लागली तर समजायचं औषध जिथं पाहिजे तिथं थांबलं नाही.

आठवडाभर स्प्रे झाला आणि मग उजवी नाकपुडी ड्रॉपवरून सोडवली. उजवीच का, तर ती मुळात मोकळी, पडदा डावीकडं झुकलाय म्हणून. डावीला अजून गरजेपुरता ड्रॉप चालू होता म्हणून एका बाजूनं श्वास मिळत होता, घाबरायला होत नव्हतं. हीच या पद्धतीची खरी सोय आहे. दोन्ही बाजू एकदम सोडल्या की पहिल्या तीन-चार रात्री इतक्या वाईट जातात की माणूस उठून परत बाटली शोधतो. काकांची उजवी बाजू तिसऱ्या रात्री सगळ्यात जास्त बंद होती, त्या रात्री ते पलंगावर झोपलेच नाहीत, आरामखुर्चीत पाय स्टुलावर टाकून बसल्या बसल्या झोपले. तो काही कमीपणा नाही, नाक फारच बंद असेल त्या रात्री खुर्ची हा सगळ्यात चांगला बिछाना आहे, कारण तिच्यात पाठ पुरेशी उभी असते. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून उजवी मोकळी राहायला लागली. मग डावी सोडवली. ती जास्त वेळ घेणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

याच दिवसांत कुशीचा प्रश्न आला. आपण डाव्या कुशीवर झोपलो की डावी नाकपुडी बंद व्हायला लागते आणि वरची, उजवी, उघडते. कूस बदलली की थोड्या वेळानं उलटं. खालच्या बाजूला रक्त उतरतं हे एक कारण, आणि काखेखाली, बरगड्यांवर दाब पडला की विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते अशी शरीराची प्रतिक्रियाही असते. आपल्याकडे साधू लोक काखेत योगदंड घेऊन बसतात, तो यासाठीच, श्वास या नाकपुडीतून त्या नाकपुडीत फिरवायला. आता काकांचं गणित असं की डावी मुळातच अरुंद. मग उजव्या कुशीवर झोपलं तर चांगली बाजू खाली जाऊन बंद होणार आणि वर राहणार ती अरुंद डावी. म्हणून त्यांनी डाव्या कुशीवर झोपायचं, म्हणजे मोठी वाट वर आणि उघडी. ते कित्येक वर्षं उजव्या कुशीवर झोपत होते कारण पलंगाची उजवी बाजू उघडी, डावीकडं भिंत, आणि भिंतीकडं तोंड करून झोपायला नको वाटायचं. पलंग फिरवून ठेवला. प्रत्येकाचं नाक वेगळं असतं, म्हणून हा नियम सगळ्यांना लावू नका, दोन-तीन रात्री दोन्ही कुशी करून बघा आणि जी बाजू वर असताना श्वास सोपा जातो ती ठेवा. अजून एक, दोन्ही नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीनं थोड्या बंद-उघड होतच असतात, हे नॉर्मल आहे. त्यामुळं मध्यरात्री एक बाजू बंद वाटली म्हणून लगेच उठून औषध टाकायची गरज नसते, कूस बदलून पाच-दहा मिनिटं थांबायचं.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हे मी त्यांना सगळ्यात आग्रहानं सांगितलं, कारण ते स्वस्त आहे, बीपीला चालतं आणि सुजलेल्या अस्तरावरची धूळ, चिकटा निघून जातो, मग स्प्रेही नीट बसतो. पाव लिटर पाण्याला चहाच्या चमच्यानं सपाट अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाक चुरचुरतं, साधं पाणी गेलं की जसं झोंबतं तसंच, म्हणून झोंबलं की समजायचं माप चुकलंय. ज्यांना मोजायचा कंटाळा त्यांच्यासाठी तयार पुड्या मिळतात. पण पाणी कुठलं, याबाबतीत मी अजिबात सूट देत नाही. नळाचं नाही, फिल्टरचंही नाही. खळखळून उकळलेलं आणि झाकून कोमट झालेलं पाणीच. पिण्याच्या पाण्यात एखादा अमीबा असला तर तो पोटात मरतो, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचू शकतो, फार क्वचित होतं पण झालं तर वाचणं अवघड. केरळात अलीकडच्या वर्षांत मेंदूच्या अशा तापानं माणसं दगावली आहेत. पावसाळ्यात आपल्याकडंही नळाला गढूळ पाणी येतं, त्यामुळं उकळणं सोडायचं नाही, आणि बाटली रोज धुवून पालथी वाळवायची.

वेळही महत्त्वाची. काका सुरुवातीला झोपायच्या अगदी आधी धुवायचे आणि पडलं की उरलेलं पाणी घशात उतरायचं, खोकला यायचा. झोपायच्या तासभर आधी धुवायचं, नंतर कमरेत वाकून डोकं खाली सोडायचं, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं वळवायचं, आत राहिलेलं गळून जातं. मग हलक्या हातानं, एकेक नाकपुडी उघडी ठेवून शिंकरायचं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. नाक ठार बंद असेल तेव्हा पाणी जबरदस्तीनं आत ढकलायचं नाही, ते कानाकडं जातं.

आता खोली. पंचगंगेच्या बाजूची ती घरं, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना त्या भागातली ओल सांगायला नको. काकांचा पलंग ज्या भिंतीला टेकलेला तिथं खालून तीन-चार फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे निघालेले आणि पलंगामागं काळी बुरशी. वर खोलीतच दोरीवर ओले कपडे, कारण बाहेर आठ-आठ दिवस ऊन नाही. अशा दमटपणात गादीतले धुळीचे किडे पण वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची विष्ठा नाकाला ॲलर्जी देते, आणि आपण तोंड त्याच गादीत खुपसून आठ तास झोपतो. पलंग भिंतीपासून हातभर सरकवला, दोरी पडवीत नेली, बुरशी पुसताना काकांना बाहेर बसवलं आणि मुलानं तोंडाला मास्क लावून ती ओल्या फडक्यानं काढली, कोरडी खरवडली की ती हवेत उडते. उशांचे अभ्रे, चादरी गरम पाण्यात, हाताला सोसणार नाही इतक्या, साधारण ६० अंश, आठवड्यातून एकदा. कोमट पाण्यात ते किडे मरत नाहीत. उशा मात्र तिन्ही इतक्या जुन्या होत्या की त्या बदलल्याच. गादीला ऊन ऑगस्टच्या शेवटी एक उघडीप मिळाली तेव्हा दाखवलं.

जेवणाचंही थोडं होतं. रविवारी रात्री साडेदहाला तांबडा-पांढरा आणि अकराला अंथरुणावर, हे काकांचं वर्षानुवर्षांचं. तिखटानं नाक गळतं ते तात्पुरतं, पण भरल्या पोटी आडवं झालं की ॲसिड घशापर्यंत येतं आणि घसा चिडतो. रस्सा बंद करायला मी सांगितलं नाही, तो दुपारी खा म्हटलं, आणि रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. हे त्यांनी पाळलं.

काही गोष्टी आम्ही मुद्दाम कमी केल्या. वाफ घ्यायची असेल तर घ्या, थोडा वेळ बरं वाटतं, पण सूज तिनं उतरत नाही, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन वाकून बसल्यावर भाजलेली माणसं खूप असतात. लहान मुलांना तर असं पातेल्यावर बसवूच नका. बाम लावला की नाक उघडल्यासारखं वाटतं, ते मेंथॉलमुळं, ते नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, वाट प्रत्यक्षात रुंद होत नाही. ज्याला त्या भासानं झोप लागते त्यानं छातीवर थोडासा लावावा, नाकात नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर-मेंथॉलचं काहीच लावायचं नाही. नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी काकांनी डाव्या बाजूच्या वाईट रात्रींत वापरली, तिचा उपयोग झाला, कारण ती नाकाच्या पुढच्या अरुंद भागाला बाहेरून ओढून धरते, औषध नसल्यामुळं सवयही लागत नाही. मोबाईलवर बघून तोंडाला टेप लावायचं खूळ त्यांच्या मुलानं काढलेलं, ते ताबडतोब थांबवलं. नाक बंद असताना तोंड हीच एक वाट उरलेली असते, ती चिकटवून झोपणं धोक्याचं आहे.

आणखी एक खात्री करायची होती. काकूंना सांगितलं की हे झोपले की अर्धा तास ऐका, घोरताना श्वास मधेच थांबतो का, आणि मग दचकून घुसमटून परत सुरू होतो का. तसं असतं तर प्रश्न फक्त नाकाचा नव्हता, झोपेत श्वास थांबण्याचा आजार वेगळा, त्याची वेगळी तपासणी, आणि बीपीवाल्या माणसात तो चुकवून चालत नाही. काकूंनी दोन रात्री ऐकलं आणि एकदा मोबाईलवर रेकॉर्डही केलं, घोरणं होतं पण सलग, मधे खंड नाही.

सप्टेंबरच्या मध्याला काका परत दुकानात आले ते बीपीच्या गोळ्या न्यायला. ड्रॉप्स दोन्ही बाजूंनी सुटलेले. डावीला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि ती अजूनही उजवीइतकी मोकळी नाही, होणारही नाही, कारण पडदा वाकडा तो वाकडाच. डॉक्टर म्हणाले एवढ्यावर झोप लागत असेल तर ऑपरेशनची घाई नाही. स्प्रे अजून चालू आहे, कधी थांबवायचा ते तेच ठरवणार. गादीखालच्या दोनपैकी एक वाकळ काढलीये, दुसरी ठेवलीये, कारण तेवढ्या उतारावर त्यांना आता सवयीनं बरं वाटतं. पूर्ण रात्र झोप रोज लागते असं नाही, पाऊस जोरात असला की पहाटे एकदा उठतात, पाणी पितात, डाव्या कुशीवर परत झोपतात.

ज्यांना हे वाचून घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी मर्यादा पण सांगतो. एकाच बाजूचं नाक सतत बंद आणि त्यातून रक्त किंवा घाण वास, डोळ्याभोवती सूज, डोकं दुखून ताप, दहा दिवस झाले तरी सर्दी वाढतच चाललीये किंवा बरी होऊन परत जोरात आलीये, एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं थेंब थेंब गळतंय आणि वाकलं की जास्त गळतंय, यातलं काही असेल तर उशी-वाकळ करत बसू नका, डॉक्टरकडे जा. लहान मुलानं नाकात चिंचोका, मणी घातलेला असतो आणि आठ दिवसांनी एका बाजूनं घाण वास येतो, तेही लक्षात ठेवा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी, टॅम्सुलोसिन वगैरे, नाक बंद होतं, तेव्हा नवीन गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर गोळी स्वतःच्या मनानं बंद न करता लिहून देणाऱ्यालाच सांगा.

आणि हा उतार तान्ह्या बाळाला लावायचा नाही. मोठ्यांसाठी जे बरोबर आहे ते वर्षाखालच्या बाळासाठी धोक्याचं आहे, उतारावर बाळ घसरतं, मान पुढं पडते आणि श्वासाची वाट दबते. बाळाला सपाट, कडक गादीवर, पाठीवर, उशीशिवाय झोपवायचं. नाक बंद असेल तर पाजायच्या आधी सलाईनचे एक-दोन थेंब टाकायचे, आणि बाळ दूध ओढेना, बरगड्या आत ओढल्या जातायत असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.